१०० मीटरच्या वेळेवरून १५०० मीटरचा अंदाज: गुणाकार कुठे फसतो आणि काय मोजायचं

प्रश्न: २५ मीटरच्या टँकमध्ये फ्रीस्टाइलला माझं १०० मीटरचं टायमिंग १:३८ आहे. १५ ने गुणलं की १५०० मीटरला २४:३० येतात. पण मला ४०० मीटरलाच साडेसात मिनिटं लागतात आणि त्यापुढे पेस पडतच जातो. आठवड्यातून तीन दिवस पोहतो. न थांबता १५०० पोहायला खरा किती वेळ लागेल, आणि तो आधी कसा काढायचा?

उत्तर:

साधारण साडेतीस मिनिटं धरा. २९:४० मध्ये झालं तर दिवस फार चांगला गेला असं समजा, आणि ३१:१५ लागले तरी काही बिघडलं असं नाही. हा अंदाज १०० मीटरच्या १:३८ वरून काढलेला नाही, ४०० मीटरच्या ७:३० वरून काढला आहे. तुमच्या प्रश्नातला कामाचा आकडा तोच आहे.

१०० मीटर जीव तोडून पोहणं हे दीड मिनिटाच्या थोडं वरचं काम. एवढ्या कमी वेळात शरीर ऊर्जेचा बराच वाटा ऑक्सिजनची वाट न पाहता उभा करतं. ही शिल्लक लहान असते, ती एकदाच खर्च होते आणि पोहत असताना पुरेशी भरून येत नाही. १०० मीटरमध्ये ती सगळी एकाच शंभरात ओतली जाते. १५०० मीटरमध्ये तीच शिल्लक पंधरा शंभरांत वाटावी लागते आणि बाकी सगळं काम श्वासावर चालतं. म्हणून १०० ची वेळ तुमचा वेग सांगते, दम किती आहे ते सांगत नाही. १:३८ चे दोन पोहणारे शेजारच्या लेनमध्ये उभे केले, तर एकाचे १५०० मीटर २८ मिनिटांत होतील आणि दुसऱ्याचे ३३ मिनिटांत, हे सहज शक्य आहे.

जगातल्या सर्वोत्तम पोहणाऱ्यांनाही हे चुकत नाही. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पान झानलेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४६.४० सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच ऑलिंपिकमध्ये बॉबी फिंकने १५०० मीटरचा विक्रम केला, १४:३०.६७. तिथे दर शंभराला ५८ सेकंद पडतात, म्हणजे १०० च्या विक्रमापेक्षा पाव पट जास्त. पण ४०० मीटरशी तुलना केली की चित्र बदलतं. केटी लेडेकीने २०१६ मध्ये रिओला ४०० मीटर ३:५६.४६ मध्ये पोहलं, दर शंभराला ५९.१ सेकंद. २०१८ मध्ये तिने १५०० मीटर १५:२०.४८ मध्ये पोहलं, दर शंभराला ६१.४. फरक जेमतेम चार टक्के. ४०० मीटर आणि १५०० मीटर ही बऱ्याच अंशी एकाच जातीची कामं आहेत. म्हणून अंदाजाचा पाया ४०० वर घालायचा.

आता हिशेब. लांब अंतराच्या अंदाजासाठी पीटर रीगल यांचं सूत्र धावपटूंमध्ये रूढ आहे आणि ते पोहण्यालाही चालतं. सूत्र असं की वेळ अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी जास्त वाढते, आणि ते ‘थोडं जास्त’ एका घातांकात बसवलेलं असतं. स्प्रेडशीटमध्ये वेळ सेकंदांत घेऊन (७:३० म्हणजे ४५०) एवढंच लिहायचं:

```
=450*(1500/400)^1.06
```

उत्तर १८२७ सेकंद येतं, म्हणजे ३०:२७. स्प्रेडशीट नको असेल तर घातांक १.०६ चा सरळ अर्थ लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की पेस सव्वाचार टक्क्यांनी मंदावतो. ४०० ला तुमचा पेस १:५२.५ आहे. ८०० ला तो १:५७ च्या थोडा वर जाईल, १६०० ला २:०२ च्या थोडा वर. १५०० मीटर त्याच्या किंचित आधी येतं, म्हणून २:०२ धरा. तलावाच्या काठावर उभ्याउभ्या करायचं असेल तर ४०० च्या वेळेला ४.०६ ने गुणा, उत्तर तेच येतं.

खरा प्रश्न आहे तो १.०६ घ्यायचा की आणखी काही. लेडेकीच्या वरच्या दोन वेळांवरून घातांक १.०३ च्या आसपास येतो. आठवड्याला पाच-सहा दिवस, दर वेळी तीन-चार किलोमीटर पोहणाऱ्याला १.०४ घेता येतो, म्हणजे ४०० ची वेळ गुणिले ३.९५. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड-दोन किलोमीटर करणाऱ्यासाठी १.०६ हा माझा पसंतीचा आकडा आहे. ज्याने आजवर ६०० मीटरच्या पुढे न थांबता पोहलेलंच नाही, त्याने १.०८ घ्यावा, म्हणजे ४.१७ ने गुणावं. सुरुवातीला दिलेली २९:४० ते ३१:१५ ही कक्षा १.०४ आणि १.०८ मधून आली आहे. तुम्हाला ४०० नंतर पेस पडतच जातो असं जाणवत असेल तर तुम्ही १.०६ आणि १.०८ च्या मध्ये कुठेतरी आहात, त्यामुळे तीस मिनिटांच्या आतली आशा तूर्त बाजूला ठेवा.

आणखी एक पद्धत तुम्हाला प्रशिक्षकांकडून ऐकायला मिळेल: क्रिटिकल स्विम स्पीड, म्हणजे सीएसएस. यात ४०० आणि २०० या दोन्ही चाचण्या पूर्ण जोराने करायच्या, ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करायची आणि उरलेल्याचे दोन भाग करायचे. तुमचे २०० मीटर ३:३२ मध्ये होतात असं समजू. ७:३० वजा ३:३२ बरोबर ३:५८, त्याचे निम्मे १:५९. हा दर शंभराचा सीएसएस पेस. सरावाचे सेट ठरवायला तो उत्तम आहे, पण १५०० चा अंदाज काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या पद्धतीच्या मुळाशी असं गृहीत आहे की पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक शंभराला तेवढाच वेळ लागतो, कितीही लांब पोहलं तरी. त्या हिशेबाने १५०० ला ७:३० अधिक अकरा वेळा १:५९, म्हणजे २९:१९ येतात. थकवा त्यात मोजलेलाच नाही, म्हणून हे टोकाचं आशावादी उत्तर समजा. तुमच्यासारख्या सरावाच्या माणसाचा १५०० चा पेस सीएसएसपेक्षा दोन ते पाच सेकंदांनी मागे राहतो. २:०२ तिथे बरोबर बसतो.

सीएसएसचा खरा धोका मात्र चाचणीतल्या चुका फुगवण्यात आहे. २०० मीटर पूर्ण जोराने गेलं नाही आणि पाच सेकंद जास्त लागले, तर सीएसएस दर शंभराला अडीच सेकंदांनी खोटा वेगवान दिसतो, आणि १५०० चा अंदाज सुमारे अर्ध्या मिनिटाने खाली घसरतो. उलट, ४०० ची सुरुवात फार जोरात करून शेवटी हातपाय गळाले तर सीएसएस खोटा मंद येतो. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, आधी ४०० मग २०० अशा घ्या. आधी ४००-५०० मीटर हलकं पोहून अंग मोकळं करा आणि त्यातच दोन-तीन लेंथ जोरात घ्या. ४०० झालं की आठ-दहा मिनिटं मध्ये जाऊ द्या, त्यात दोनशेक मीटर अगदी सावकाश पोहा. दोन्ही वेळी सुरुवात पाण्यातून, भिंतीला पाय लावून करा. एकदा सूर मारून आणि एकदा भिंत ढकलून सुरू केलं तर वजाबाकीत तेवढी भेसळ होते.

४०० ची चाचणी नीट झाली की नाही हे तिच्या चार शंभरांवरून कळतं, म्हणून काठावर कुणाला तरी प्रत्येक शंभराची वेळ लिहायला सांगा. १:४९, १:५३, १:५४, १:५४ असं आलं तर चाचणी चोख आहे. पहिलं शंभर तीन-चार सेकंद जलद येणारच. १:४२, १:५१, १:५८, १:५९ असं आलं तर बेरीज तीच ७:३० आहे, पण ती तुमची खरी ४०० ची वेळ नाही. नीट वाटून पोहलं असतं तर काही सेकंद कमी लागले असते. अशी चाचणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्या, त्या आकड्यावर पुढचं काही रचू नका.

मोजणीतली चूक याहून जास्त वेळा होते. २५ मीटरच्या टँकमध्ये एकच लेंथ चुकली तर तुम्ही समोरच्या भिंतीपाशी थांबाल आणि लगेच लक्षात येईल. म्हणून न कळता होणारी चूक नेहमी दोन लेंथची, म्हणजे ५० मीटरची असते. तुमच्या पेसला ते जवळजवळ एक मिनिट. ४०० ऐवजी ३५० झालं असेल तर दर शंभराचा पेस २०० च्या पेसपेक्षाही जलद दिसतो, जे शक्यच नाही. असं काही दिसलं की आधी मोजणीवर संशय घ्या. लेंथ मोजण्यापेक्षा शंभर मोजणं सोपं जातं: एका शंभराच्या चारही लेंथ मनात ‘एक’ म्हणायचं, पुढच्या चारही लेंथ ‘दोन’. १५०० साठी असे फक्त पंधरा आकडे.

मनगटावरच्या घड्याळाचं गणित वेगळ्या ठिकाणी चुकतं. ते हाताच्या हालचालीतला खंड आणि भिंतीवरचा धक्का ओळखून लेंथ मोजतं. मध्येच कुणाला चुकवायला थांबलात, स्ट्रोक बदललात किंवा चष्मा सारखा केलात तर ते एक लेंथ जास्त मोजू शकतं. भिंत हलकेच ढकलली तर एखादी गाळूही शकतं. टँकची लांबी घड्याळात बरोबर घातली आहे ना, हेही पाहा. २५ मीटरऐवजी २५ यार्ड निवडलेले असतील तर प्रत्येक लेंथ २२.८६ मीटरची धरली जाते आणि सगळे आकडे नऊ टक्क्यांनी बिघडतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना याची उलट बाजू भेटते. तिथले बरेच तलाव खरोखरच २५ यार्डांचे असतात आणि १५०० मीटरच्या जागी १६५० यार्ड, म्हणजे ६६ लेंथ पोहतात. ते सुमारे १५०९ मीटर होतात.

सोसायटीच्या टँकबद्दल तर टेप घेऊनच बोलावं. २५ मीटर म्हणून सांगितलेला टँक २२ मीटरचा निघाला, तर तुमचे चार लेंथचे ‘शंभर’ ८८ मीटरचे आहेत आणि १:३८ चा खरा पेस १:५१ आहे. पाण्याच्या पातळीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तुम्ही ज्या रेषेत पोहता त्याच रेषेत मोजा.

चाचणी २५ मीटरच्या टँकमध्ये घेतली आणि १५०० मात्र ५० मीटरच्या तलावात पोहायचं असेल, समजा दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या किंवा पुण्यात बालेवाडीच्या, तर अंदाजात भर घालावी लागते. २५ मध्ये १५०० ला ५९ टर्न येतात, ५० मध्ये २९. प्रत्येक टर्नला भिंत ढकलून मिळणारा फुकटचा वेग तीस वेळा कमी मिळतो. छोट्या तलावातला पुरुषांचा १५०० चा विश्वविक्रम फ्लोरियन वेलब्रॉकने २०२१ मध्ये अबू धाबीत केला, १४:०६.८८. फिंकच्या मोठ्या तलावातल्या वेळेशी तुलना केली तर जवळजवळ २४ सेकंदांचा फरक दिसतो, एका टर्नमागे पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. हात लावून वळणाऱ्याचा प्रश्न असा की तो वळताना वेळ गमावतो आणि ढकलताना कमावतो. भिंत चांगली ढकलून चार-पाच मीटर सरकत असाल तर ३० सेकंदांपर्यंत भर घाला. भिंतीवर येऊन एक श्वास घेऊन निघत असाल तर फरक जवळजवळ शून्य येऊ शकतो, पण मग ५० मीटरमध्ये ती लपलेली विश्रांतीही मिळत नाही आणि पहिल्या दोनशेनंतरच दम लागतो. शक्य असेल तर चाचणीच ५० मीटरमध्ये घ्या, म्हणजे हा सगळा अदमास करावा लागणार नाही.

पाण्याचं तापमानही मोजा. स्पर्धेच्या तलावाचं पाणी नियमाने २५ ते २८ अंश असतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचे उघडे तलाव तिशी सहज ओलांडतात. २०० मीटरला त्याचा त्रास होत नाही. पण अर्धा तास पोहताना अंगातली उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही आणि शेवटच्या पाचशेत पेस कोसळतो. थंड सकाळी घेतलेल्या चाचणीवरून तापलेल्या संध्याकाळचा अंदाज काढला तर तो हमखास कमी येतो.

१५०० च्या दहा-बारा दिवस आधी एकदा १००० मीटर न थांबता, मनापासून पोहा. इतकं केलं की घातांकाची बरीचशी शंका संपते. कारण साधं आहे: अंदाज जितका जवळच्या अंतरावरून काढाल, तितकं घातांकाला चुकायला रान कमी मिळतं. ४०० वरून काढलेल्या अंदाजात १.०४ आणि १.०८ मध्ये दीड मिनिटाहून जास्त अंतर होतं. १००० तुम्ही १९:५० मध्ये पोहलात असं धरलं, तर त्याच दोन घातांकांनी १५०० ला ३०:१४ आणि ३०:४४ येतात, फक्त अर्ध्या मिनिटाचा फरक. घाईत १००० च्या वेळेला १.५४ ने गुणा.

या १००० मध्ये स्ट्रोकही मोजा, दर दोनशेनंतर एका लेंथचे. सुरुवातीला २० असतील आणि शेवटी २४ झाले, आणि तरीही पेस मंदावला, तर पाणी हातातून निसटतंय: कोपर खाली पडतंय किंवा पाय बुडतायत. स्ट्रोक २० च राहिले आणि पेस पडला तर हात फिरवण्याची गती कमी झाली आहे, शैली टिकून आहे. पहिल्या प्रकारात घातांक मोठा असतो आणि तो जास्त दम कमावून फारसा सुधारत नाही. श्वास घेताना डोकं किती वर येतं ते आधी पाहा. ४०० नंतर पेस पडणाऱ्यांमध्ये मला हाच प्रकार जास्त दिसतो.

प्रत्यक्ष १५०० मध्ये ३०:३० साठी दर शंभराला २:०२, दर पन्नासला ६१ सेकंद. १:३८ करू शकणाऱ्याला हा पेस पहिल्या तीनशेपर्यंत लाजिरवाणा सावकाश वाटतो, आणि घात तिथेच होतो. पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. २:०२ ऐवजी १:५५ ने सुरुवात केली तर वेग सहा टक्के वाढला, पण लागणारी ताकद जवळजवळ वीस टक्के वाढली. पहिल्या तीनशेत मिळवलेली वीसेक सेकंदं नवव्या शंभरापासून व्याजासह परत जातात. पहिलं शंभर १:५८ ते २:०० मध्ये आलं तर चालेल, दुसऱ्यापासून २:०२ वर या. ५०० ला १०:१० दिसायला हवेत. ९:५५ च्या आत असाल तर पुढच्या दोनशेत मुद्दाम सैल व्हा. १०:२० असेल तर लगेच भरपाई करू नका, १००० पर्यंत तोच पेस टिकवा आणि उरलेलं शेवटच्या पाचशेत वसूल करा.

पोहून झालं की रीगलचा किंवा माझा घातांक सोडून द्या आणि स्वतःचा काढा. समजा वेळ ३०:५० आली, म्हणजे १८५० सेकंद:

```
=LN(1850/450)/LN(1500/400)
```

उत्तर १.०७ येतं. पुढे २००० मीटर पोहायचं ठरवलंत तर १८५० ला (2000/1500)^1.07 ने गुणा, ४१:५७ येतील. ४०० ची चाचणी दर सहा-आठ आठवड्यांनी आणि १५०० दर तीन-चार महिन्यांनी घेतली की हा घातांक पुन्हा काढता येतो. ४०० ची वेळ तेवढीच राहून घातांक १.०७ वरून १.०५ वर आला, तर तुमचे १५०० मीटर तीस मिनिटं तीन सेकंदांत होतील, १०० चं टायमिंग १:३८ च असलं तरीही.